आपोआप जाणाऱ्या उत्तरावर तसं लिहावं का?

घरचा_फराळ: इन्स्टाग्रामवर माझं दिवाळी फराळाचं छोटं पेज आहे. भाव, ऑर्डरची शेवटची तारीख, कुरिअर यांची उत्तरं आपोआप जातात आणि खाली माझं नाव असतं. 'हे उत्तर आपोआप आलंय' असं लिहू का? गिऱ्हाईक दुरावेल अशी भीती वाटते.

पेठेतला: काही गरज नाही. दुकानातल्या भावफलकावर 'हा फलक आहे' असं कोणी लिहितं का? भाव खरा असला की झालं.

पेज_सांभाळते: फलकाखाली मालकाची सही नसते, इथे आहे. समजा कोणी विचारलं, 'चिवड्यात शेंगदाणे आहेत का? मुलाला चालत नाहीत.' यंत्रणा 'चिवडा' एवढाच शब्द पकडते आणि 'हो, उपलब्ध आहे, अर्धा किलोचा भाव अमुक' असं पाठवते. खाली तुमचं नाव दिसलं की त्या आईला वाटणार, बाईंनी प्रश्न वाचलाय. उत्तर आपोआप आलंय हे माहीत असेल तर ती पुन्हा विचारेल. म्हणून नाव काढा आणि पहिल्याच ओळीत लिहा: 'हे उत्तर आपोआप आलं आहे. घटक, ॲलर्जी किंवा तक्रार असेल तर "माणूस" असं लिहा, संध्याकाळी ८ पर्यंत मी स्वतः वाचते.' ती वेळ मात्र पाळायला हवी.

मसालेवाले: बायोमध्ये एकदा लिहिलं की पुरे. प्रत्येक उत्तरात कशाला?

पेज_सांभाळते: बायोत जरूर असू द्या. पण जाहिरातीवरून किंवा स्टोरीला उत्तर देऊन येणारा माणूस थेट इनबॉक्समध्ये उतरतो, बायो बघतच नाही. सविस्तर प्रश्नोत्तरं हायलाइटमध्ये ठेवा. त्यात 'माझी ऑर्डर पक्की कधी?' हा प्रश्न हवाच. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आल्यावर 'धन्यवाद, ऑर्डर मिळाली' असं आपोआप गेलं तर गिऱ्हाईक निर्धास्त होतं, आणि तुमच्या वहीत नोंदच नसते. तिथे स्पष्ट लिहा: 'तारीख आणि वजन लिहून मी कळवेन, तेव्हाच ऑर्डर पक्की.'

साडी_कोपरा: माझ्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांनाही स्वागताचा मेसेज जातो. एक काकू रुसल्या, 'आता ओळख विसरलीस का?' तो बंदच करू का?

पेज_सांभाळते: विषय थोडा वेगळा आहे, पण सांगते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये १४ दिवस बोलणं झालं नाही की स्वागताचा मेसेज पुन्हा जातो. बंद करू नका. तो कोणाला जावा हे सेटिंगमध्ये निवडता येतं, तिथे फोनमध्ये नंबर साठवलेला नाही अशांनाच ठेवा. मग काकूंना जाणार नाही.

पेठेतला: सहीचं पटलं, नाव काढायलाच हवं. पण 'माणूस' लिहा म्हटलं की दिवाळीच्या आठवड्यात जो तो तेच लिहिणार. एकट्या बाईने चकल्या तळायच्या की इनबॉक्स वाचायचा?

घरचा_फराळ: हीच माझी अडचण आहे. नाव आज काढते, शेंगदाण्यांचं प्रत्येक पदार्थाच्या भावाशेजारी लिहिते. 'माणूस'ची सोय फक्त ॲलर्जी आणि तक्रारीसाठी ठेवली तर?

मसालेवाले: लोक कुरिअरसाठीही तेच लिहितील.