‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट’: परदेशी ग्राहकाला लिहिताना बदलायचं का?

शिरोलीची_भट्टी: शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, पंपांची कास्टिंग जर्मनीला जातात. मेल मीच लिहितो. मुलगी म्हणते, बाबा, ‘प्रीपोन’ आणि ‘डू द नीडफुल’ लिहायचं बंद करा. मला पटत नाही. तुमचं मत सांगा.

राजारामपुरीकर: मुलीचं ऐका. ‘प्रीपोन’ हा शब्दच नाही, कुठल्या शब्दकोशात सापडणार नाही. ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहा, विषय संपला.

निवृत्त_मास्तर: शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. ‘पोस्टपोन’ चालतं तर ‘प्रीपोन’नं काय घोडं मारलं? ‘डू द नीडफुल’ तर साहेबाच्याच कचेरीतून आपल्याकडे आलं. त्यांच्याकडे ते जुनं झालं, आपण जपलं. जर्मन माणूस इंग्रजीत ‘सध्याचा’ म्हणायला ‘ॲक्च्युअल’ लिहितो, मोबाइलला ‘हँडी’ म्हणतो. त्याला कोणी टोकत नाही. मग वाकायचं आपणच का?

निर्यात_कागदपत्रं: मास्तर, ‘प्रीपोन’बद्दल तुमचं बरोबर आहे. पण हा मानापमानाचा प्रश्न नाही. वाचणारा जर्मन आहे, इंग्रजी त्यानंही शाळेतच शिकलंय. अडलं की तो शब्दकोश उघडणार.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात धोक्याचा शब्द ‘रिव्हर्ट’ आहे, आणि तो मुलीनं सांगितलेल्या यादीत नाहीच. आपण तो ‘उत्तर देतो’ म्हणून लिहितो. शब्दकोशात पहिला अर्थ सापडतो तो पूर्वस्थितीवर जाण्याचा. मी ज्यांचं काम बघते त्यांच्यापैकी एका कारखान्याला ग्राहकानं केसिंगचं ड्रॉइंग बदलून पाठवलं होतं, रिव्हिजन बी होतं त्याचं सी. इकडून मेल गेला, ‘वुई विल रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग बाय फ्रायडे’. ग्राहकाला वाटलं, हे शुक्रवारी परत बी वर जाणार. नशीब, त्यानं विचारलं. न विचारता गप्प बसला असता तर पॅटर्न कुठल्या ड्रॉइंगवर करायचा यावरून मालाचा लॉट अडकला असता. ‘वुई विल रिप्लाय बाय फ्रायडे’ एवढं पुरतं.

राजारामपुरीकर दादा, ‘मूव्ह फॉरवर्ड’ मात्र टाळा. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केली म्हटलं, तर इंग्रजीच मातृभाषा असलेल्यांतही काही सोमवारी येतात, काही शुक्रवारी. ब्रिटनमध्ये ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात, अमेरिकेत ‘मूव्ह अप’. पण सगळ्यात बरं म्हणजे दोन्ही तारखा लिहाव्यात: ‘द इन्स्पेक्शन इज नाऊ ऑन १२ मार्च, नॉट १५ मार्च’. महिना अक्षरांत. ०५/०६ लिहिलं तर जर्मनीत ५ जून, अमेरिकेत ६ मे.

शिरोलीची_भट्टी: ताई, ‘रिव्हर्ट’ मी रोज लिहितो! आणि ‘डू द नीडफुल’? त्यात तर चुकीचा अर्थ निघत नाही.

निर्यात_कागदपत्रं: चुकीचा निघत नाही, पण काय करायचं हेच त्यात नसतं. तुमचा शेवटचा तसा मेल इथं सांगा.

शिरोलीची_भट्टी: ‘सॅम्पल्स डिस्पॅच्ड. रिपोर्ट अटॅच्ड. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट.’

निर्यात_कागदपत्रं: त्यांनी नक्की काय करावं अशी अपेक्षा होती?

शिरोलीची_भट्टी: मापांच्या रिपोर्टला मंजुरी द्यावी. आणि एका भोकाचं माप किंचित जास्त आलंय, ते चालेल का ते सांगावं.

निर्यात_कागदपत्रं: मग त्या दोन गोष्टीच लिहा. ‘प्लीज अप्रूव्ह द रिपोर्ट. प्लीज टेल अस इफ यू ॲक्सेप्ट द होल साइज ऑन पेज २. वुई नीड युअर आन्सर बाय २० मार्च टू स्टार्ट प्रॉडक्शन.’ भोकाची गोष्ट मूळ मेलमध्ये नव्हतीच. रिपोर्टमधून ती त्यांनीच शोधायची होती.

पन्हाळ्याचा_पोरगा: माझ्या भावानं बायोडेटात ‘आय पास्ड आऊट इन २०१९’ लिहिलंय, दुबईत अर्ज करतोय. चालेल?

निर्यात_कागदपत्रं: दुबईत आपली माणसं पुष्कळ, कळेल. पण बाहेर त्याचा पहिला अर्थ ‘बेशुद्ध पडलो’ असा लागतो. ‘ग्रॅज्युएटेड इन २०१९’ लिहायला सांग.

निवृत्त_मास्तर: मंजुरीचा मेल ताईंनी चांगला केला, मान्य. तरी ‘डू द नीडफुल’ चुकीचं इंग्रजी आहे हे मी मान्य करणार नाही. कोल्हापूरहून पुण्याला लिहिताना मी तेच लिहिणार.

निर्यात_कागदपत्रं: पुण्याला जरूर लिहा, मास्तर. मीही लिहिते.

राजारामपुरीकर: ‘प्रीपोन’ची माहिती चुकलीच माझी. पण मग आकड्यांचं काय? कोटेशनमध्ये लाख तसेच ठेवायचे?

निर्यात_कागदपत्रं: नको. दीड लाख म्हणजे १,५०,००० असं आपण तोडतो, ते बाहेर गोंधळाचं. शिवाय जर्मनीत स्वल्पविराम दशांशचिन्ह असतो. वजन ‘१,५०० किलो’ लिहिलं तर तिकडं दीड किलो वाचतील. हजारांसाठी स्वल्पविराम काढून नुसतं १५०० लिहा.

शिरोलीची_भट्टी: आमच्या पॅकिंग लिस्टमध्ये सगळीकडे स्वल्पविराम आहेत. आजच्या आज बघतो. ‘प्रीपोन’ मात्र तारखेसकट ठेवणार, मुलीला सांगतो.