शब्दचर्चा: 'ट्रान्सपरंट क्लॉक'ला मराठीत काय म्हणाल?

मालाडकरीण
गोरेगावातल्या एका स्टुडिओच्या तंत्रज्ञांसाठी हस्तपुस्तिका मराठीत करतेय. कॅमेरे, माइक, मिक्सर सगळं आता नेटवर्कवर चालतं आणि सगळ्यांची वेळ पीटीपीने जुळवतात. मी 'बाउंडरी क्लॉक'चं 'सीमा घड्याळ' केलं आणि 'ट्रान्सपरंट क्लॉक'चं 'पारदर्शक घड्याळ'. तिथल्या एका मुलाने कच्ची प्रत वाचून विचारलं, "मॅडम, हे घड्याळ कुठल्या भिंतीवर लावायचं?" हे दोन्ही स्विचच्या आतले प्रकार आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं, मराठीत वाचल्यावर मात्र ओळखू येईना. बरे शब्द सुचवा. आणखी एक: एनटीपी या वेळ जुळवायच्या जुन्या पद्धतीबद्दल 'इथे साधं एनटीपी पुरत नाही' असं वाक्य आहे. त्यात एनटीपी 'अचूक नाही' म्हणू की 'काटेकोर नाही'?

नाना_डोंबिवली
काचेतून आतली चाकं दिसणारं घड्याळ आमच्या आजोबांकडे होतं. त्याला घरात 'उघडं घड्याळ' म्हणत. पारदर्शकपेक्षा हे कितीतरी मराठी.

मालाडकरीण
नाना, तसलं घड्याळ नाही हो. नेटवर्कचा स्विच. डबा असतो, त्यात केबली खोचतात.

विपळ
मुळात 'घड्याळ' हा शब्द घटिकापात्रावरून आलेला. घटका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं, विपळ 0.4 सेकंदाचं. इतकी बारीक मापं घरात असताना आपण 'नॅनोसेकंद' का मिरवायचे? माझी सूचना: 'सीमाकालक' आणि 'पारकालक'.

कॉलेजकट्टा
विपळराव, 0.4 सेकंदात या लोकांचे दहा फ्रेम निघून जातात!
ताई, वाक्याबद्दल सांगतो. एनटीपी जुनं आहे, त्याचा आकडाच मिलिसेकंदापर्यंत जातो, त्यापुढे मोजायला जागा नाही. म्हणून 'काटेकोर नाही' बरोबर.

केबलओढ्या
कट्टा, निष्कर्ष बरा पण कारण चुकलं. एनटीपीच्या वेळेत सेकंदाच्या अपूर्णांकाला 32 बिट दिलेत, म्हणजे आकडा सुमारे 233 पिकोसेकंदांपर्यंत बारीक लिहिता येतो. हिशेबही तोच: दोघांकडचे मिळून चार वेळशिक्के, जाण्याचा वेळ, येण्याचा वेळ, आणि दोन्ही सारखे धरून फरकाचा अर्धा भाग. पीटीपी अगदी हेच करतं.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. पहिला, शिक्का कुठे मारला. साध्या एनटीपीत तो सॉफ्टवेअर मारतं. पॅकेट कार्डात शिरतं, इंटरप्ट होतो, ऑपरेटिंग सिस्टिमला सवड मिळाली की ती वेळ लिहिते. ही सवड दर वेळी वेगळी. पीटीपीत शिक्का कार्डाच्या चिपमध्ये, पॅकेट तारेवर चढता-उतरताना पडतो. कार्डाला हे जमतं का ते `ethtool -T eth0` सांगतं.

दुसरा घोटाळा वाटेतल्या स्विचमध्ये, आणि ताईंचे दोन्ही शब्द तिथलेच आहेत. 1 गिगाबिटच्या पोर्टवर 1500 बाइटांचं भरलेलं पॅकेट बाहेर पडायला साधारण 12 मायक्रोसेकंद लागतात. आपलं वेळेचं पॅकेट त्याच्या मागे अडकलं की 12 मायक्रोसेकंद गेले. परतीच्या वाटेवर तेव्हा कोणी नसेल तर तिथे काहीच गेले नाहीत. जाणं-येणं सारखं हे गृहीतकच मोडलं.

कॉलेजकट्टा
पण `chrony` हे एनटीपीचं सॉफ्टवेअर हार्डवेअरचे शिक्के वापरतं. मग एनटीपीनेही काम भागायला हवं ना?

केबलओढ्या
पहिल्या घोटाळ्यापुरतं भागतं. दोन मशीनं थेट तारेने जोडलीस तर फार सुंदर आकडे येतात. मधे गजबजलेला स्विच आला की आलंच परत. `chrony`वाल्यांनी तर एनटीपीचं पॅकेट पीटीपीच्या वेष्टणात घालून पाठवायची सोय केली आहे, ती मधल्या स्विचची मदत मिळावी म्हणूनच. यावरून काय ते समज.

गिरगावकर_72
वेळ जुळवण्याचं मुंबईला पहिल्यापासून वावडं. 1906 साली प्रमाणवेळ आली, तरी आपल्याकडे 39 मिनिटं मागचा 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत चालला. माझी आजी लग्नाचा मुहूर्त सांगताना "नवा टाइम की जुना?" असं विचारायची. ताई, 'सीमा घड्याळ' ऐकलं की मला तीच भांडणं आठवतात. हद्दीच्या अलीकडे एक वेळ, पलीकडे दुसरी.

केबलओढ्या
गिरगावकर, बाउंडरी क्लॉकमध्ये नेमकं उलट असतं. दोन्हीकडे वेळ एकच हवी म्हणून तो खटाटोप. असा स्विच एका पोर्टवर वरच्या मास्टरकडून वेळ घेतो, स्वतःचं घड्याळ तिला जुळवतो आणि बाकीच्या पोर्टांवर स्वतःच मास्टर होऊन वेळ देतो. वरचं पॅकेट तिथेच संपतं, खाली जातं ते त्याने नव्याने बनवलेलं. सीमा आहे ती पॅकेटांची, वेळेची नव्हे.

मालाडकरीण
हे छान झालं. मग ट्रान्सपरंटवाला स्विच काय करतो? मी 'पॅकेट आरपार जातं' असं लिहिलंय.

केबलओढ्या
आरपार कुठलाही स्विच सोडतो हो. हा पॅकेट आत आलं केव्हा आणि बाहेर गेलं केव्हा ते बघतो आणि मधला काळ पॅकेटाच्या `correctionField`मध्ये मिळवतो. आधीच्या स्विचने काही लिहिलं असेल तर त्यात बेरीज. काही स्विच ही बेरीज जाणाऱ्या पॅकेटावरच करतात, काही पाठोपाठच्या `Follow_Up`मध्ये.

आकडे घेऊन बघा. तार आणि एरवीचं सगळं मिळून एका बाजूने 4 मायक्रोसेकंद लागतात, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ मास्टरशी अगदी बरोबर आहे असं धरा. मास्टरचं पॅकेट स्विचमध्ये 12 अडकलं, म्हणून कॅमेऱ्याला जाण्याचे 16 दिसले. परतीचे 4. सरासरी 10. कॅमेरा म्हणतो, वाट 10ची आणि मला 16 दिसतात, म्हणजे मी 6 मायक्रोसेकंद पुढे आहे. बरोबर चाललेलं घड्याळ तो मागे ओढू लागतो. आता पॅकेटावर '12 माझ्याकडे गेले' असं लिहून आलं तर 16 उणे 12, उरले 4. परतीचेही 4. फरक शून्य, घड्याळाला हात लावायला नको.

स्टुडिओसाठीच्या एसएमपीटीई 2059-2 या मानकात कुठल्याही दोन उपकरणांत 1 मायक्रोसेकंदाच्या आत राहायची अपेक्षा आहे. इथे एका अडकलेल्या पॅकेटात 6ची चूक झाली. खरं सॉफ्टवेअर गाळणी लावतं, एका पॅकेटावर विश्वास ठेवत नाही. पण दिवसभर एकाच दिशेने व्हिडिओ वाहत असेल तर गाळणीलाही तेच खरं वाटायला लागतं.

टपालहशील
टपाल खात्यात हयात गेली, म्हणून तोंड उघडतो. आमच्या कचेऱ्यांत आवक-जावक नोंदवही असायची. कागद कधी आला, कधी गेला, म्हणजे टेबलावर किती दिवस पडून होता ते निघायचं. तुमचा हा डबा तेच करतोय. 'आवक-जावक स्विच' म्हणा की!

केबलओढ्या
साहेब, हे मला क्लासमध्ये वापरायला हवं होतं. फक्त तुमची नोंदवही कचेरीतच राहायची, इथे नोंद कागदावरच चढून पुढे जाते.

विपळ
'आवक-जावक' फारसी-मराठी धेडगुजरी नाही का?

टपालहशील
जावक 'जाणे'वरून, आवक 'येणे'च्या घरातलं. फारसी कुठून आणलंत?

विपळ
'आवक' गुजराती व्यापाऱ्यांकडून आला असं वाचल्याचं आठवतं.

मालाडकरीण
कृपया! मग त्याला घड्याळ तरी म्हणायचं का? तो वेळ सांगत नाही ना?

केबलओढ्या
नेमका प्रश्न. किती वाजले हे त्याला ठाऊक नसलं तरी चालतं. त्याला फक्त 12 मायक्रोसेकंदांसारखा छोटा काळ मोजायचा असतो. साधा स्फटिक दहा लाखात 100ने चुकला तरी 12 मायक्रोसेकंदांत चूक 1.2 नॅनोसेकंदांची. म्हणून मी तरी त्याला घड्याळ म्हणणार नाही. बाउंडरीवाल्याला मात्र खरंखुरं जुळवलेलं घड्याळ लागतं. असे पाच-सहा स्विच ओळीने लावले की प्रत्येकाची थोडी थोडी थरथर पुढे साचत जाते.

कॉलेजकट्टा
मग सगळीकडे ट्रान्सपरंटच का नाही लावत?

केबलओढ्या
कारण तो मास्टरचं ओझं हलकं करत नाही. प्रत्येक उपकरण `Delay_Req` पाठवतं आणि ती थेट मास्टरपर्यंत जाते. 200 उपकरणं सेकंदाला 8 वेळा विचारू लागली तर मास्टरच्या दारात सेकंदाला 1600 पत्रं, आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं. बाउंडरीवाला आपल्या खालच्यांना स्वतः उत्तरं देतो, वर त्याची एकट्याचीच विचारणा जाते. आमच्याकडे वरच्या मोठ्या स्विचवर बाउंडरी ठेवतात. खाली काय असावं यावर दर बैठकीत वाद.

मृण्मयी_पी
मी वीज उपकेंद्रांचं काम करते. आमच्याकडे याच ट्रान्सपरंट स्विचने डोकं खाल्लं होतं. एका पुरवठादाराने तो बसवला, चालू केला, पण पोर्टवर पीटीपी सुरूच केलं नव्हतं. दिवे हिरवे, पॅकेटं जातायत, सगळे खूश. संध्याकाळी वर्दळ वाढली की वेळ हलायची. आमच्याकडे 50 हर्ट्झवर 1 मायक्रोसेकंद म्हणजे 0.018 अंश, त्यामुळे कोन मोजणाऱ्या यंत्रात लगेच दिसलं. नाहीतर कळलंही नसतं. हे ओळखायचं कसं ते पुस्तिकेत हवंच.

केबलओढ्या
ओळखायला सोपं. उपकरणाच्या बाजूने पॅकेट पकडून `Sync` आणि `Follow_Up`मधलं `correctionField` बघा. मधे ट्रान्सपरंट स्विच असून ते कायम शून्य असेल तर स्विच झोपलाय. लिनक्स मशीन असेल तर हेही बघा:

```
pmc -u -b 0 'GET CURRENT_DATA_SET'
pmc -u -b 0 'GET PARENT_DATA_SET'
```

पहिल्यात `stepsRemoved` येतं. मधे कितीही ट्रान्सपरंट असले तरी ते 1च राहतं, आणि दुसऱ्यात `parentPortIdentity`मध्ये थेट मूळ मास्टरची ओळख दिसते. बाउंडरी असेल तर आकडा वाढतो आणि तिथे त्या स्विचची ओळख येते.

मालाडकरीण
म्हणजे ट्रान्सपरंटमधून पलीकडचा मास्टर दिसतो? मग 'पारदर्शक' चुकलं कुठे?

केबलओढ्या
पारदर्शक ठीक आहे. 'घड्याळ' खटकतं. 'पारदर्शक स्विच' करा.

मृण्मयी_पी
नको! मानकात क्लॉक लिहिलंय. उद्या तो मुलगा स्विचच्या सेटिंगमध्ये `transparent-clock` वाचेल, तेव्हा त्याला जुळवता यायला हवं. देवनागरीत 'ट्रान्सपरंट क्लॉक'च लिहा. आमच्याकडे कोणी दुसरं काही बोलत नाही.

विपळ
मग भाषांतर करायचं तरी कशाला? लिपी बदलली की झालं मराठी?

टपालहशील
शीर्षकात ट्रान्सपरंट क्लॉक आणि समजावताना 'मुक्काम नोंदवणारा स्विच'. मुक्कामाला तर कोणाची हरकत नसावी?

विपळ
मुक्काम अरबी.

नाना_डोंबिवली
पण मग ते घड्याळ लावायचं कुठे?

मालाडकरीण
😀 नाना, रॅकमध्ये. टपालकाकांचं घेते, मृण्मयीचंही. आता 'मास्टर' आणि 'स्लेव्ह'चं काय करू? 2022च्या दुरुस्तीत स्लेव्हला पर्याय म्हणून 'टाइम रिसीव्हर' दिलाय, स्टुडिओवाले अजून स्लेव्हच म्हणतात. 'वेळ घेणारा' लिहिलं तर सुट्टी मागणारा वाटतो.

गिरगावकर_72
'कालग्राही'?

मृण्मयी_पी
काका, ते औषधाचं नाव वाटतंय.