मदत हवी आहे: वजनकाट्याच्या फोटोवरून मैद्याचे कप किती धरू?

मावशीने नानखटाईच्या कृतीचे फोटो पाठवलेत, मापं सगळी ग्रॅममध्ये. माझ्याकडे वजनकाटा नाही, फक्त २४० मिलीचा कप आहे.

मैद्याच्या फोटोत काट्यावर स्टीलचं भांडं आहे आणि आकडा 250. आधी वाटलं, यात भांड्याचंही वजन धरलंय. पण पुढच्या फोटोत भांडं उचललेलं आहे आणि काट्यावर -162 दिसतंय. म्हणजे रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला असणार, आणि २५० ग्रॅम हा निव्वळ मैदा. बरोबर ना? एककाच्या जागी फ्लॅशची चमक आली आहे, पण औंस धरले तर सात किलो मैदा होईल, तेव्हा ग्रॅमच!

खरी अडचण कपाची. मैदा मोकळा करून चमच्याने कपात भरला आणि वरून सुरीने सपाट केला, तर कपाला साधारण १२५ ग्रॅम, म्हणजे दोन कप. पण कप थेट डब्यात खुपसून भरला की मैदा दाबला जातो आणि १४५ ग्रॅमपर्यंत जातो. तसे दोन कप घेतले तर ४० ग्रॅम जास्त. गेल्या वेळी असंच केलं असावं, कारण गोळे वळताना फुटत होते आणि खटाई कोरडी झाली.

चमच्याने भरलेले दोन कप घेऊ, की पावणेदोन घेऊन उरलेला पीठ बघून घालू? तूप १५० ग्रॅमच आहे. मावशी प्रवासात आहे, फोन लागत नाही.