मदत हवी आहे: जिमच्या नववर्ष ऑफरची कॅप्शन

जळगावातल्या जिमसाठी कॅप्शन हवी आहे. मालकांची ओळ अशी: ‘भरीत-पुरीचं पोट ३० दिवसांत आत!’ यात पोटाची टिंगल आहेच, शिवाय थाप. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी पुष्कळ, आणि नुसतं पोट वेगळं उतरत नाही. असं वाचून आलेला महिनाभरात पैसे परत मागतो.

माझा मसुदा: ‘३ महिने, २४०० रुपये. १० जानेवारीपर्यंत प्रवेश फी नाही. पहिले ४ दिवस मशीन कसं वापरायचं ते ट्रेनर शिकवतील. सकाळी ६ ते ८ महिलांची बॅच.’

वचन फक्त जिमच्या हातातल्या गोष्टींचं आहे, पण पहिलीच ओळ दरपत्रकासारखी वाटते. भरीत ठेवून, पण टोमणा न मारता सुरुवात कशी करावी?