थांबवायचं पत्र: विनवणी की व्यवहार?

टूलरूमवाला: चाकणला आमचं छोटं युनिट आहे. सीएनसी प्रोग्रामरने राजीनामा दिलाय. आमच्याकडे सीटीसी ७.२० लाख, बाहेर ९ लाखांची ऑफर. मी लिहिलंय: "तुम्ही कंपनीचा कणा आहात, तुमच्याशिवाय काम थांबेल. ८.४० लाख देऊ, पुढच्या वर्षी मॅनेजर नक्की करू." ठीक आहे ना?

मीनल_एचआर: राहवलं नाही म्हणून लिहितेय. "काम थांबेल" वाचून तो उद्या १० लाख मागेल, आणि पत्राचा फोटो संध्याकाळपर्यंत अख्ख्या शॉप फ्लोअरवर फिरेल. "मॅनेजर नक्की" ही तर लेखी कबुली झाली. शिवाय ८.४० मध्ये काय काय धरलंय? पगार की बोनसही? त्याच्या घरी पहिला प्रश्न "हातात किती" हाच असतो. मी असं लिहीन:

"१ तारखेपासून तुमची सीटीसी दरमहा ६०,००० ऐवजी ६५,००० रुपये असेल, यात कंपनीचा पीएफ वाटा धरला आहे. एक वर्ष पूर्ण झाल्यावर ६०,००० रुपये बोनस वेगळा. पदाचा विचार एप्रिलच्या आढाव्यात होईल, आज त्याबद्दल शब्द देत नाही. शुक्रवारपर्यंत राजीनामा लेखी मागे घेतल्यास हे लागू. न घेतल्यास ठरल्या तारखेला रिलीव्हिंग लेटर मिळेल."

भोसरीकर: बोनस आधीच द्या, वर्षाच्या आत गेला तर परत घ्यायची अट घाला. माणूस बांधला जातो.

मीनल_एचआर: अट चालते, पण टीडीएस कापला गेला तर हातात कमी पडतं आणि तुम्ही मागता पूर्ण ६०,०००. मग भांडण. वर्षाअखेर द्या, वसुलीची पाळीच नको.

नाशिकचा_नाना: हे सगळं गोड पत्र! मला असंच थांबवलं, माझ्याच हाताने नवा पोरगा तयार करून घेतला आणि मग मला बाजूला बसवलं. आणि ते ९० दिवसांचं नोटीस पिरियड? ती तर कैद आहे!

भोसरीकर: कैद कसली? सही करताना डोळे मिटले होते का?

नाशिकचा_नाना: घरी ईएमआय असला की सगळेच डोळे मिटतात, साहेब. मालकाला एका महिन्यात काढता येतं, आम्हाला मात्र तीन!

मीनल_एचआर: तुमच्या करारात दोन्हीकडे वेगळी मुदत असेल, तर राग रास्त आहे. पण नोटीससाठी वेगळा धागा काढा की.

नाशिकचा_नाना: काढतो. तुम्ही एचआरवाले तिथे येणार नाही, माहितीये.

टूलरूमवाला: बरं बाई, "कणा" काढला. "मॅनेजर" काढवत नाही, तो त्यासाठीच जातोय.

मीनल_एचआर: तो तसं म्हणाला?

टूलरूमवाला: आत्ता विचारून आलो. म्हणतो, नाइट शिफ्ट नको. पण नाइटला दुसरा प्रोग्रामर आणू कुठून?

भोसरीकर: मग ६५,००० देऊनही जाईल तो.

मीनल_एचआर: नाइट बंद करता येत नसेल तर तसं लिहूच नका. महिन्यात एकच आठवडा जमेल का, ते आधी सुपरवायझरला विचारा, मगच पत्रात टाका.