मदत हवी आहे: कॉलेजच्या सिनियरला लिंक्डइनवर सल्ला विचारायचाय, मतलबी न वाटता कसं लिहू?

चाकणकर_मेक

मंडळी, मी मेकॅनिकल, २०२२ची बॅच. पास झाल्यापासून चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीत आहे. सीएमएमचे रिपोर्ट, पीपीएपीच्या फायली आणि कस्टमरकडून तक्रार आली की ८डी, हेच रोजचं काम. काम वाईट नाही, पण मला सिम्युलेशनकडे, म्हणजे सीएईकडे वळायचंय. एम.टेक. करायला घरची परिस्थिती नाही.

कॉलेजच्या लिंक्डइन पानावर माजी विद्यार्थ्यांची जी यादी असते, तिथे शोधताना २०१३च्या बॅचचे एक सर सापडले. तेही आधी क्वालिटीत होते आणि एम.टेक. न करता सीएईत गेले. आता पुण्यातच एका इंजिनिअरिंग सेंटरमध्ये लीड आहेत. त्यांच्याशी बोलायचंय, पण ओळख शून्य. लिहिलेला मसुदा असा:

"आदरणीय सर, तुमची प्रोफाइल पाहून खूप प्रेरणा मिळाली. तुमचा प्रवास थक्क करणारा आहे. मलाही सीएई क्षेत्रात करिअर करायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे. सोबत माझा रेझ्युमे जोडत आहे. आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल आभारी आहे."

वाचून मलाच कसंतरी होतंय. "काम आहे म्हणून आठवण आली" असं वाटू नये, पण काम तर आहेच! काय बदलू?

---

दादासाहेब

क्वालिटीत तीन वर्षं म्हणजे उत्तम. रांजणगावला आमच्याकडे जागा आहे, पीपीएपी येणारा माणूस हवाच आहे. रेझ्युमे व्यनि कर.

---

चाकणकर_मेक

धन्यवाद दादासाहेब, पण मला क्वालिटीतून बाहेर पडायचंय. प्रश्न मेसेज कसा लिहायचा याचा आहे.

---

मोदक_पुणे

एक लक्षात ठेव, नोकरीचा विषय अजिबात काढायचा नाही. आधी महिनाभर त्यांच्या पोस्टवर लाइक, कॉमेंट करत राहा. नाव डोळ्यांखालून गेलं पाहिजे. मग कनेक्ट हो, दिवाळीच्या शुभेच्छा दे, आणि मग हळूच विचार. आणि रेझ्युमे काढून टाक, ते शंभर टक्के चूक आहे.

---

अनघा_ब

रेझ्युमेबद्दल मोदक यांचं बरोबर आहे. बाकीच्याशी मी सहमत नाही.

मी बेंगळुरूत याच क्षेत्रात आहे आणि असे मेसेज मला नेहमी येतात. मतलबी वाटतो तो मेसेज मागणी असलेला नसतो, मागणी लपवलेला असतो. आधी तीन ओळी कौतुक, मग "मार्गदर्शन करा", आणि खाली रेझ्युमे. वाचणाऱ्याला खालून वर समजतं: रेझ्युमे आहे म्हणजे नोकरी हवी आहे, मार्गदर्शन हे निमित्त, कौतुक हे त्याचं वेष्टन. महिनाभर लाइक करून मग विचारलं तर तेच वेष्टन जास्त जाड होतं. जुन्या जुन्या पोस्टवर एका रात्रीत दहा लाइक आले की कळतं हो, आता काहीतरी मागणी येणार.

त्यामुळे आधी स्वतःशी ठरव, सल्ला हवाय की रेफरल. रेफरल हवा असेल तर सरळ तसं लिही: अमुक जागेचा हा जॉब आयडी, हा माझा रेझ्युमे, योग्य वाटलं तर रेफर कराल का. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बऱ्याच कंपन्यांत रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, त्यालाही ते नको असतं असं नाही. चिडायला होतं ते सल्ल्याच्या नावाने सुरुवात करून आठवड्याने जॉब आयडी पाठवणाऱ्यांमुळे.

सल्लाच हवा असेल तर तुझ्या मसुद्यात प्रश्नच नाही. "मार्गदर्शन करा" याला उत्तर काय देणार? काय विचारायचंय हे मीच शोधून काढायचं, म्हणजे काम माझ्यावर आलं. असे मेसेज मी "सवडीने बघू" म्हणून ठेवते आणि ते तिथेच राहतात.

या माणसाकडे असं काय आहे जे यूट्यूबवर मिळणार नाही? क्वालिटीतून, एम.टेक. न करता, सीएईत जाणं. हे तू आम्हाला सांगितलंस, त्यांना लिहिलेल्या मेसेजमध्ये मात्र त्याचा उल्लेखही नाही. आता त्या वळणावर तू नेमका कुठे अडला आहेस ते सांग.

---

चाकणकर_मेक

अनघाताई, अडलोय ते असं. एका खाजगी क्लासमधून हायपरमेश या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट घेतलंय. पण ओळखीचे म्हणतात, एम.टेक. नसेल तर सर्व्हिस कंपनीत नुसतं मेशिंग, म्हणजे पार्टच्या मॉडेलचे छोटे तुकडे पाडण्याचं काम, करायला बसवतात आणि वर्षानुवर्षं तिथेच ठेवतात. सरांच्या प्रोफाइलवर दिसतं की ते आधी एका सर्व्हिस कंपनीत होते आणि नंतर ड्युरेबिलिटी अॅनालिसिसच्या, म्हणजे पार्ट किती टिकेल हे तपासण्याच्या कामावर गेले. ती उडी कशी मारली, हे मला विचारायचंय.

---

अनघा_ब

मग झालं की. हेच लिही.

फक्त दोन टप्प्यांत. ओळख नसताना आधी कनेक्शनची विनंती जाते आणि तिच्यासोबतच्या नोटला फुकट खात्यावर २०० अक्षरांची मर्यादा आहे. शिवाय महिन्याला अशा मोजक्याच नोटा पाठवता येतात, म्हणून दिसेल त्याला पाठवत सुटू नकोस. देवनागरीत लिहिलंस तर काना-मात्राही वेगळे मोजले जातात, जागा लवकर संपते. नोटमध्ये सगळं कोंबायचं नाही. तू कोण, त्यांनाच का, आणि प्रश्न एकच आहे, एवढं पुरे:

"नमस्कार सर. मी आपल्या कॉलेजचा, मेकॅनिकल २०२२ बॅच. सध्या चाकणला क्वालिटीत. तुम्हीही क्वालिटीतून सिम्युलेशनकडे गेलात, त्या वळणाबद्दल एक प्रश्न विचारायचा आहे. जोडून घेतलंत तर मेसेजमध्ये लिहितो."

"एक प्रश्न" म्हटलंस की खरंच एकच विचारायचा. आणि त्यांनी स्वीकारलं की नुसतं "हॅलो सर" टाकून उत्तराची वाट बघत बसू नकोस. पूर्ण प्रश्न पहिल्याच मेसेजमध्ये गेला पाहिजे.

पाठवण्याआधी स्वतःची प्रोफाइलही बघ. नोट वाचून माणूस आधी तिथेच जातो. फोटोभोवती 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी असेल आणि मेसेजमध्ये "नोकरीसाठी नाही" लिहिलं असेल, तर त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा?

---

स्वाती_ठाणे

धागा थोडा भरकटवते, माफ करा. माझं उलट आहे. मी अकाउंट्समध्ये होते, मुलं लहान म्हणून नोकरी सोडली, आता परत सुरू करायचीय. आमच्या कॉलेजमध्ये मला दोन वर्षं ज्युनियर असलेली मुलगी आज एका कंपनीत फायनान्स मॅनेजर आहे. तिला लिहायचं तर "अगं" म्हणू की "मॅडम"? आणि मध्ये एवढी वर्षं संपर्क नाही, ते कसं सांगायचं?

---

अनघा_ब

स्वातीताई, कॉलेजात जे म्हणायचात तेच म्हणा. मॅडम म्हटलंत तर तिलाच अवघडल्यासारखं होईल. मधल्या वर्षांचा खुलासा एका वाक्यात पुरे, माफी नको. तुमच्या क्षेत्रात आता काय विचारायला हवं ते मात्र मला सांगता येणार नाही, कोणी अकाउंट्सवालं असेल तर सांगा.

---

निनाद

जर्मनीतून. अनघाताईंचं बहुतेक पटतं, पण एक मुद्दा. लेखी प्रश्न पाठवून माणूस लेखी काय देणार? "त्या कंपनीत मेशिंगच करत बसशील, जाऊ नकोस" हे कोणी लिंक्डइनवर लिहून देत नाही. पगाराचं तर नाहीच. कामाचं सगळं फोनवर कळतं. मी तर पहिल्याच मेसेजमध्ये पंधरा मिनिटांचा कॉल मागतो आणि लोक देतात.

---

मोदक_पुणे

निनादशी सहमत. आणि प्रीमियम घेतलं तर कनेक्ट न होताच इनमेल पाठवता येतो. महिनाभर फुकट देतात कधी कधी.

---

अनघा_ब

इनमेल आला की मला आधी रिक्रूटरच वाटतो. एकाच कॉलेजचे असाल तर साध्या विनंतीत जास्त ओळख दिसते, असं माझं मत.

कॉलचं निनाद म्हणतात ते खरं आहे, आतल्या गोष्टी कोणी लिहून देत नाही. पण अनोळखी माणसाने थेट कॉल मागितला की मला कॅलेंडर उघडावं लागतं. प्रश्न लेखी असेल तर कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या दोन ओळी खरडता येतात. प्रश्न चांगला असेल तर "फोन कर, सांगते" असं मीच म्हणते. दार उघडं ठेवायचं, ढकलायचं नाही. तुमच्याकडे लोक कॉल देत असतील तर तिथली पद्धत वेगळी असेल, मी वाद घालणार नाही.

---

चाकणकर_मेक

सगळ्यांचे आभार. नोट अनघाताईंनी दिली तशीच पाठवतो. त्यांनी स्वीकारली तर पुढचा मेसेज असा:

"धन्यवाद सर. थोडक्यात विचारतो. तीन वर्षं क्वालिटीत आहे, हायपरमेश शिकलोय, एम.टेक. नाही. सर्व्हिस कंपनीत मेशिंगची जागा मिळू शकते असं दिसतं, पण तिथेच अडकण्याची भीती वाटते. तुम्ही मेशिंगवरून ड्युरेबिलिटीकडे गेलात तेव्हा कशाचा उपयोग झाला, आतल्या प्रोजेक्टमध्ये संधी मिळाली की स्वतः सॉल्व्हर शिकून बाहेर अर्ज केलात? पुढेमागे मी या क्षेत्रात नोकरी शोधणार आहे, पण आत्ता तुमच्याकडे रेफरल मागत नाहीये. सवडीने दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल, आणि फोन सोयीचा वाटला तर तुम्ही म्हणाल तेव्हा करीन."

"सर" ठेवू ना? आणि मराठीत की इंग्रजीत?

---

अनघा_ब

छान झालाय. नोकरी शोधणार आहेस हे सांगितलंस ते उत्तम, नाहीतर त्यांच्या मनात ती शंका राहिलीच असती. एक भर घाल: क्वालिटीतलं काय सोबत घेऊन येतोस. वेल्डला तडा गेल्याची तक्रार ८डीत हाताळली असशील तर ते लिही. ड्युरेबिलिटीवाल्याला तुटलेला पार्ट हातात घेतलेला माणूस आवडतो.

"सर" ठेव, नंतर तेच नको म्हणतील. भाषेचं म्हणशील तर त्यांच्या पोस्ट कशात आहेत ते बघ.

---

निनाद

मी इंग्रजीतच लिहिलं असतं. मराठीत लिहिलं की गाववाला म्हणून काम करून घ्यायला आलाय, असंही वाटू शकतं.

---

स्वाती_ठाणे

मला तर मराठीत आलेला मेसेज आधी उघडावासा वाटेल.

---

चाकणकर_मेक

पोस्ट सगळ्या इंग्रजीत आहेत, पण एकीखाली कोणाला तरी त्यांनी मराठीत उत्तर दिलंय. मराठीतच पाठवतो. उत्तर नाही आलं तर किती थांबू?

---

अनघा_ब

विनंती स्वीकारली पण उत्तर नाही, असं झालं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण कर, तीही एका ओळीत, "वर पाहिलंत का" असं न म्हणता. तेवढ्यात काही नवीन केलं असशील, एखादा सॉल्व्हर रन वगैरे, तर ते सांग. त्यानंतर सोडून द्यायचं.

विनंतीच स्वीकारली नाही तर ती मागे घेऊन परत पाठवण्याच्या फंदात पडू नकोस. एकदा मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. त्यापेक्षा त्याच यादीत २०१५ ते १८च्या बॅचमधला कोणी बघ. लीडपेक्षा सात-दहा वर्षं झालेल्याला ती उडी ताजी आठवत असते, आणि त्याला मेसेजही कमी येतात.

आणि उत्तर आलं, तू त्याप्रमाणे काही केलंस, तर दोन महिन्यांनी कळव. हे फार कमी लोक करतात. मला ज्यांनी कळवलं त्यांची नावं अजून लक्षात आहेत.

---

दादासाहेब

आमच्या पोरानेही असंच कुणाला तरी लिहिलं होतं, उत्तर नाही आलं. हल्ली सगळे बिझी. पण ती वेल्डच्या तड्याची ८डी कोणत्या पार्टची होती रे?