मदत हवी आहे: बाबांचा हृदयातील अमायलॉइड शोधणारा पीवायपी स्कॅन पॉझिटिव्ह आला, पण त्याचा एएल प्रकार खरोखर वगळला गेला आहे का?

सक्करदरा_नागपूर:
नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांना जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पावलांवर सूज येते आणि उठून उभे राहिले की चक्कर येते. वर्षानुवर्षे असलेला रक्तदाब आता गोळ्या कमी करूनही ११० च्या आसपासच राहतो. इकोमध्ये डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी १६ मि.मी. असून पंपिंग ५५ टक्के आहे. मात्र हृदय ताठर झाल्याने नीट भरत नाही, असे अहवालात लिहिले आहे. ईसीजीतील लाटा मात्र बुटक्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झाली होती, हे ऐकताच धंतोलीतील हृदयरोगतज्ज्ञांनी अमायलॉइडची, म्हणजे हृदयात विकृत प्रथिन साचल्याची शंका घेतली. पीवायपी स्कॅनमध्ये ग्रेड ३, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह आले. रक्ताचे प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केले असता ‘एम बँड नाही’, म्हणजे असामान्य प्रथिनाचा पट्टा नाही, असा अहवाल मिळाला. एवढ्यावरून हा एएल नसून वयोमानाचा, ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचा प्रकार आहे असे धरून पुढे जावे का?

मोरभवन:
इतकी वर्षे रक्तदाब असेल तर भिंत जाड होणारच, आमच्या वडिलांचीही झाली होती. मीठ कमी करा आणि इको पुन्हा करून घ्या. एवढे स्कॅन कशाला?

डॉ_वर्धेकर (निवृत्त फिजिशियन):
मोरभवन, रक्तदाबाने भिंत जाड होते हे खरेच आहे, पण तेव्हा स्नायू वाढलेला असल्याने ईसीजीतील लाटा सहसा उंच होतात. इथे भिंत जाड आणि लाटा बुटक्या आहेत, म्हणजे जाडी स्नायूची नसून त्यात साचलेल्या प्रथिनाची असावी, अशी शंका येते. उलट बाजूही सांगतो: लाटा बुटक्या नसल्या म्हणून ट्रान्सथायरेटिनचा आजार नाही असे म्हणता येत नाही. मनगटाचा त्रास हृदयाच्या कितीतरी वर्षे आधी होतो, त्यामुळे तो प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांचे मला कौतुक वाटते.

आता मूळ प्रश्न. नाही, एवढ्यावर थांबू नका. एएल प्रकारात अस्थिमज्जेतील पेशी लाइट चेन नावाचे प्रथिन तयार करतात, आणि ते इतके थोडे असू शकते की इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये पट्टा उमटतच नाही. त्यातच एएलच्या काही रुग्णांतही पीवायपी स्कॅन पॉझिटिव्ह येतो. म्हणून रक्तातील फ्री लाइट चेन, तसेच बारीक पट्टाही पकडणारे इम्युनोफिक्सेशन रक्त आणि लघवी दोन्हींचे, अशा तीन तपासण्या हव्यात. एएलमध्ये केमोथेरपीसारखे उपचार लगेच सुरू करावे लागतात, त्यामुळे इथे आठवडेही महत्त्वाचे असतात. स्कॅनसोबत स्पेक्ट, म्हणजे त्रिमितीय चित्रे घेतली होती का, हेही पाहा. नाहीतर कप्प्यातील रक्ताची चमक स्नायूची समजली जाते.

मीना_अकोला:
माझ्या सासूबाईंना मल्टिपल मायलोमा होता, त्यांच्याही लाइट चेन वाढल्या होत्या. म्हणजे दादा, तुमच्या बाबांना कर्करोग आहे का? आम्ही तर मुंबईला टाटामध्ये नेले होते.

डॉ_वर्धेकर:
मीनाताई, एएल आणि मायलोमा एकाच प्रकारच्या पेशींचे आजार आहेत, पण एक नव्हेत, आणि यांच्या बाबांना त्यांपैकी काही आहे असे अजून कोणीही म्हटलेले नाही.

सक्करदरा_नागपूर:
स्पेक्ट झाले होते, चमक स्नायूतच आहे. फ्री लाइट चेनचा अहवाल आज मिळाला: कॅपा ६२, लॅम्डा ३१, गुणोत्तर २.०. प्रयोगशाळेने ०.२६ ते १.६५ ही मर्यादा देऊन ते लाल रंगात छापले आहे आणि घरात सगळे घाबरले आहेत. क्रिएटिनिन १.८ आहे.

डॉ_वर्धेकर:
लाल अक्षरांनी लगेच घाबरू नका. क्रिएटिनिन १.८ म्हणजे मूत्रपिंड मंदावलेले दिसते, आणि तसे झाले की दोन्ही चेन रक्तात साठतात आणि कॅपा थोडी जास्त साठते. अशा रुग्णांत गुणोत्तर साधारण ३.१ पर्यंत स्वीकारण्याची पद्धत आहे. त्यामुळे २.० ही संख्या मूत्रपिंडामुळे असू शकते, पण इम्युनोफिक्सेशन आल्याशिवाय मी ती निर्धोक म्हणणार नाही. बीटा ब्लॉकर चालू आहे का? ताठर हृदय प्रत्येक ठोक्याला थोडेच रक्त फेकते, म्हणून ते ठोक्यांच्या गतीवर विसंबून असते. या गोळीने ती गती कमी केली तर चक्कर वाढू शकते. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

सक्करदरा_नागपूर:
होय, मेटोप्रोलोल चालू आहे, उद्याच विचारतो. इम्युनोफिक्सेशनचे दोन्ही नमुने दिले आहेत. त्यात बारीकसा पट्टा दिसलाच तर?

डॉ_वर्धेकर:
या वयात निरुपद्रवी पट्टाही बऱ्याच जणांत सापडतो, त्यामुळे पट्टा म्हणजे एएल असे होत नाही. पण मग स्कॅनवर निर्णय घेता येत नाही. रक्तविकारतज्ज्ञांना दाखवून ऊतीचा तुकडा काढावा लागतो. पोटाच्या चरबीचा नमुना सोपा असतो, पण ट्रान्सथायरेटिनमध्ये तो अनेकदा निगेटिव्ह येतो, म्हणून हृदयाची बायोप्सीही लागू शकते. नमुन्यात अमायलॉइड सापडले तर ते कोणत्या प्रथिनाचे आहे, हे लेखी मागून घ्या. पट्टा नसेल, तर ट्रान्सथायरेटिनच्या जनुकाची तपासणी करून घ्या. ती मुलांच्या दृष्टीनेही लागते. ट्रान्सथायरेटिन प्रकारावरचे औषध टॅफामिडिस आजाराची गती कमी करते, साचलेले प्रथिन काढत नाही. त्यामुळे त्याची चर्चा प्रकार ठरल्यावर लगेच करा.